चौथा भाग हळू का वाजत होता : एका अहिराणी पॉडकास्टच्या लाऊडनेसचे प्रकरण

जळगावात बसून आम्ही तिघे खान्देशातल्या लोककथांचा एक छोटा पॉडकास्ट तयार करतो. निवेदन मराठीत असते आणि कथा सांगणाऱ्यांचा आवाज त्यांच्याच अहिराणीत ठेवलेला असतो. तिसरा आणि पाचवा भाग आम्ही आमच्या खोलीत, दारे-खिडक्यांना गोधड्या लावून, जवळच्या मायकवर ध्वनिमुद्रित केला. चौथा भाग मात्र अमळनेरजवळच्या एका खेड्यात, धाब्याच्या घराच्या ओसरीवर झाला. तिथे सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी कानबाईच्या उत्सवाची आणि त्याभोवतीच्या कथांची सविस्तर माहिती दिली. आजी आणि निवेदक यांच्यामध्ये एकच रेकॉर्डर ठेवला होता आणि डोक्यावर पंखा फिरत होता.

तक्रार आली ती पारोळ्याहून. माझे एक मामा तिथून धुळ्याला मालाचा टेम्पो नेतात आणि वाटेत आमचे भाग एकापाठोपाठ एक ऐकतात. चौथ्या भागात आजींचे बोलणे इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्यांनी आवाज शेवटपर्यंत वाढवला. तो भाग संपून पाचव्या भागाची सुरुवातीची धून वाजली, तेव्हा त्यांनी टेम्पो कडेला घेऊन मला फोन केला आणि पहिलेच वाक्य ऐकवले, "भो, कान फुटनात ना!" पुढचे सगळे लेखन या एका वाक्याचा पाठपुरावा आहे.

माझी पहिली प्रतिक्रिया बचावाची होती, हे कबूल करतो. प्रत्येक भाग प्रकाशित करण्याआधी मी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात ‘नॉर्मलाइज’ करत होतो आणि सगळ्या फाइलींचे शिखर उणे १ डेसिबलवर, म्हणजे फाइलच्या कमाल पातळीच्या, शून्याच्या, एक डेसिबल खाली आणत होतो. पडद्यावर तिन्ही भागांची शिखरे एकाच रेषेला टेकलेली दिसत असल्यामुळे मामांच्या गाडीतल्या स्पीकरमध्येच काहीतरी बिघाड असावा, असे मला वाटले. फाइली मोजून पाहिल्यावर बिघाड माझ्या पद्धतीत आहे, हे कळले.

शिखर म्हणजे संपूर्ण फाइलमधला सर्वांत उंच क्षण, आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका छोटा असू शकतो. कान अशा एका क्षणावरून आवाज मोठा की लहान हे ठरवत नाही. तो काही काळ टिकलेल्या ऊर्जेवरून ठरवतो, आणि त्यातही मधल्या-वरच्या पट्टीतल्या आवाजाला खर्जापेक्षा जास्त महत्त्व देतो. चौथ्या भागात, आजी बोलत असताना, घरातल्या कोणाच्या तरी हातून पितळी ताटली फरशीवर पडली होती. फाइलचे शिखर म्हणजे ती ताटली होती. नॉर्मलाइज करणाऱ्या आज्ञेने ताटलीला उणे १ वर नेऊन बसवले आणि तिच्या मानाने खूप खाली असलेले आजींचे बोलणे तिथेच खाली राहिले. खोलीतल्या भागांत असा एकही खणखणाट नव्हता आणि निवेदकाच्या आवाजावर थोडा कंप्रेसरही होता, त्यामुळे तिथे शिखर आणि बोलणे यांतले अंतर कमी होते. म्हणजे शिखरे सारखी करून मी प्रत्यक्षात प्रत्येक भागातल्या सर्वांत मोठ्या अपघाताची उंची सारखी करत होतो.

कानाला जाणवणारा हा मोठेपणा, म्हणजे लाऊडनेस, मोजण्यासाठी आज सर्वत्र वापरली जाणारी रीत आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस.१७७० या शिफारशीत दिलेली आहे. ती पहिल्यांदा २००६ मध्ये निघाली, आणि २०१० मध्ये युरोपीय प्रसारकांच्या संघटनेने तिच्यावर आधारित आर १२८ हा दंडक लागू केला. या रीतीत आवाज आधी एका गाळणीतून जातो. ती गाळणी खर्ज कमी करते आणि वरची पट्टी थोडी उचलते. मग ४०० मिलिसेकंदांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे करून प्रत्येकाची ऊर्जा मोजली जाते. जवळजवळ शांत असलेले तुकडे, म्हणजे उणे ७० च्या खालचे, आधी बाद होतात. उरलेल्यांची सरासरी काढून तिच्यापेक्षा १० एककांनी खाली असलेले तुकडेही बाद होतात, आणि जे राहतात त्यांची सरासरी म्हणजे त्या फाइलचा एकत्रित लाऊडनेस. त्याचे एकक एलयूएफएस असे लिहितात, आणि दोन फाइलींमधला एका एककाचा फरक म्हणजे आवाजाच्या बटणाचा एक डेसिबल. बोलताना मध्ये घेतलेले लांब श्वास आणि विराम सरासरीला खाली ओढू नयेत, यासाठी ही दुहेरी चाळणी आहे. कथा सांगणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती फार उपयोगी पडते, कारण चांगला कथेकरी थांबतो भरपूर.

सुरुवातीची धून वगळून मोजल्यावर तिसरा भाग उणे १७.५ निघाला, पाचवा उणे १७.३ आणि चौथा उणे २७.०. साधारण १० एककांचा फरक बहुतेकांना दुप्पट किंवा निम्म्या आवाजासारखा वाटतो. धून वेगळी मोजली तेव्हा ती उणे १०.५ आली. ती आम्ही तयार विकत घेतली होती, आणि अशा धुना बहुधा आधीच दाबून मोठ्या केलेल्या असतात. चौथ्या भागाच्या शेवटच्या वाक्यापासून पाचव्या भागाच्या धुनेपर्यंत मामांच्या कानावर साडेसोळा डेसिबलची उडी पडली होती.

लक्ष्य म्हणून आम्ही उणे १६ ठरवले. ॲपलची पॉडकास्टसाठीची शिफारस तीच आहे, एक डेसिबल अलीकडे-पलीकडे चालते, आणि खरे शिखर उणे १ च्या वर जाऊ नये, असे ती सांगते. ‘खरे शिखर’ म्हणजे नमुन्यांच्या मधल्या जागेत लाट जिथपर्यंत जाते ते. नुसत्या नमुन्यांचे शिखर पाहिले तर ते थोडे कमी दिसते. एमपी३ करताना ही उंची आणखी थोडी वाढते, म्हणून आम्ही मर्यादा उणे १.५ धरली. स्पॉटिफायचा आकडा उणे १४ च्या आसपास आहे, आणि दूरचित्रवाणीसाठी युरोपात उणे २३ आहे. आकडा कोणता निवडला यापेक्षा सगळे भाग त्याच आकड्यावर आहेत की नाहीत, हे श्रोत्याला जास्त जाणवते. तरीही उणे २३ वर ठेवलेला भाग टेम्पोत किंवा एसटीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू येणार नाही, इतका व्यवहार त्यात आहे.

पहिला प्रयत्न

मी `ffmpeg` या, आज्ञा लिहून चालवायच्या साधनातली `loudnorm` ही गाळणी घेतली. ती दोन फेऱ्यांत वापरायची असते. पहिल्या फेरीत ती फक्त मोजते :

```
ffmpeg -i bhag4.wav -af loudnorm=I=-16:TP=-1.5:LRA=11:print_format=json -f null -
```

तिने दिलेल्या उत्तरातल्या कामाच्या ओळी अशा होत्या :

```
"input_i" : "-27.02",
"input_tp" : "-0.71",
"input_lra" : "9.60",
"input_thresh" : "-37.38",
```

दुसऱ्या फेरीत हे आकडे तिला परत द्यायचे आणि `linear=true` लिहायचे. याचा अर्थ संपूर्ण फाइलला एकच, न बदलणारी वाढ द्यावी, असा आहे. मी तसे केले, नवी फाइल मोजली आणि ती उणे १६ च्या अगदी जवळ निघाली. काम झाले असे समजून मी हेडफोन लावले.

आजी हळू बोलत असताना पंखा त्यांच्यासोबत वर येत होता. निवेदकाने प्रश्न विचारला की तो गायब होत होता, आणि प्रश्न संपल्यावर आजी पुढे बोलू लागल्या की दोन-तीन सेकंदांत पुन्हा घोंघावत परत येत होता. ओसरी श्वास घेते आहे, असे वाटत होते. एकच स्थिर वाढ दिली असती तर पंखा सगळीकडे सारखाच वाढायला हवा होता. तो वर-खाली होत होता याचा अर्थ वाढ बदलत होती. दुसरा पुरावा फाइलच्या आकारात होता. चौतीस मिनिटांची मूळ फाइल ३९० एमबीची, तर नवी दीड जीबीच्याही वर गेली होती.

दोन्हींचे कारण एकच होते. उणे २७.० ला उणे १६ वर न्यायचे तर ११ डेसिबल वाढवावे लागतात. खरे शिखर उणे ०.७ होते. त्यात ११ मिळवले की ते अधिक १०.३ वर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या जवळजवळ १२ डेसिबल वर जाते. स्थिर वाढ शक्यच नव्हती. अशा वेळी `loudnorm` थांबत नाही आणि चूकही दाखवत नाही. ती आपोआप दुसऱ्या पद्धतीवर जाते, ज्यात वाढ दर थोड्या वेळाने बदलत राहते, आणि त्या पद्धतीत ती नमुन्यांचा दर १९२ किलोहर्ट्झवर नेते. फाइल चौपट झाली ती त्यामुळे. उत्तराच्या शेवटी `"normalization_type" : "dynamic"` अशी ओळ सरळ छापलेली होती; मी ती वाचली नव्हती. तेव्हापासून दुसऱ्या फेरीनंतर मी आधी ती ओळ पाहतो आणि मग बाकी सगळे.

स्थिर वाढ नाकारली जाण्याचे आणखी एक कारण पुढे सहाव्या भागात सापडले. त्यात बायकांनी म्हटलेली कानबाईची गाणी होती, आणि गाणे व कुजबुज यांच्यातला पल्ला मूळातच मोठा, १५ एककांचा होता. `LRA` म्हणजे हाच पल्ला, आणि त्याचे लक्ष्य मोजलेल्या पल्ल्यापेक्षा लहान असले तरीही स्थिर वाढ नाकारली जाते. तिथे `LRA=20` लिहिल्यावर प्रश्न मिटला, कारण त्या भागात शिखरांची अडचण नव्हती.

सरासरीच्या आत लपलेले

चौथ्या भागाचा खरा प्रश्न मात्र ताटलीपेक्षा मोठा होता आणि तो एकत्रित आकड्यात दिसतच नव्हता. मी आजींचे आणि निवेदकाचे तुकडे वेगळे काढून मोजले. आजी उणे २९ वर होत्या, निवेदक उणे २३ वर. रेकॉर्डर निवेदकाच्या गुडघ्याजवळ होता, आणि निवेदकाचा आवाज तसाही खणखणीत आहे. एकूण बोलण्यापैकी साधारण ऐंशी टक्के वेळ आजी बोलतात आणि वीस टक्के निवेदक. पण ऊर्जेच्या हिशेबात ६ डेसिबल म्हणजे चौपट. त्यामुळे वीस टक्के वेळ बोलणारा निवेदक सरासरीत जवळजवळ आजींइतकीच भर घालत होता, आणि उणे २७ हा आकडा त्या दोघांच्या मधला, कोणाचाच नसलेला, असा तयार झाला होता.

समजा ताटली पडलीच नसती आणि स्थिर ११ डेसिबल वाढ मिळाली असती. तर फाइल मोजमापात बरोबर उणे १६ आली असती, आजी उणे १८ वर आणि निवेदक उणे १२ वर राहिला असता, आणि मामांना प्रत्येक प्रश्नाला आवाज कमी व प्रत्येक उत्तराला जास्त करावा लागला असता. भागांमधली तक्रार मिटून भागाच्या आतली सुरू झाली असती. म्हणून लाऊडनेस सारखा करण्याचे काम फाइलवर करण्याआधी माणसांवर करावे लागते.

मग मी क्रम उलटा केला आणि सुरुवात हाताने केली. ८० हर्ट्झच्या खालचा भाग गाळला, कारण तिथे रेकॉर्डरला लागलेले धक्के आणि पंख्याची घरघर होती आणि आजींच्या आवाजातले काहीच नव्हते. निवेदकाचे सगळे प्रश्न ५ डेसिबलने खाली आणले. तो आजींपेक्षा एक डेसिबल वर राहिला, हे मी मुद्दाम तसेच ठेवले; दोघांना अगदी एका रेषेत आणले की संभाषण एकाच माणसाने दोन आवाजांत वाचल्यासारखे वाटू लागते. ताटली पडण्याची जागा शोधून तेवढाच अर्धा सेकंद वीस डेसिबलने उतरवला. ती पूर्ण काढून टाकली नाही, कारण लगेच पुढे आजी हसून घरातल्या मुलीला हाक मारतात, आणि कारण नसलेले हसू विचित्र वाटले असते. अशा आणखी आठ जागा निघाल्या. बहुतेक टाळ्या होत्या, आणि एका ठिकाणी रेकॉर्डरला लागलेले बोट.

पंख्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आवाज वाढवला की मागचा गोंगाटही तितकाच वाढतो, यातून सुटका नाही. ओसरीवरच्या विरामांत तो साधारण उणे ५८ वर होता आणि वाढीनंतर उणे ४५ च्या आसपास येणार होता. मी गोंगाट कमी करणारी आज्ञा सहा डेसिबलपर्यंतच वापरली. बारा डेसिबलवर करून पाहिले तेव्हा आजींच्या ‘स’ आणि ‘श’ ला पाण्याखालून बोलल्यासारखा बुडबुडता शेवट येत होता. पंख्याचा थोडा आवाज उरला तरी चालेल, पण आजींचा उच्चार जाता कामा नये, हा निर्णय आम्ही तिघांनी मिळून घेतला. पुढच्या वेळी पंखा बंद करायचा आणि रेकॉर्डर बोलणाऱ्याच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर ठेवायचा, हेही तेव्हाच ठरले.

दुरुस्त केलेली फाइल मोजल्यावर एकत्रित आकडा उणे २८.८ आला. निवेदक खाली आल्यामुळे तो आधीपेक्षा कमी होणे अपेक्षितच होते. खरे शिखर मात्र उणे ०.७ वरून उणे १०.२ वर उतरले होते. आता १२.८ डेसिबल वाढ हवी होती, आणि ती दिल्यावर शिखर अधिक २.६ वर जाणार होते. म्हणजे मर्यादेपेक्षा फक्त ४.१ डेसिबल जास्त, आणि तेही आजी मोठ्याने हसतात त्या मोजक्या क्षणी. मर्यादेवर जाणारी शिखरे दाबणारा लिमिटर बोलण्यात इतके सहज झाकून नेतो.

```
ffmpeg -i bhag4_durust.wav -af "volume=12.8dB,alimiter=limit=0.79:level=false" bhag4_16.wav
```

इथे `limit=0.79` म्हणजे उणे २ डेसिबल. हा लिमिटर नमुन्यांचे शिखर पाहतो, खरे शिखर पाहत नाही, म्हणून अर्ध्या डेसिबलची जागा सोडली. `level=false` लिहिले नाही तर तो मर्यादा घालून झाल्यावर संपूर्ण आवाज पुन्हा शून्यापर्यंत उचलतो, आणि केलेला सगळा हिशेब पाण्यात जातो. नवी फाइल उणे १६.१ आणि खरे शिखर उणे १.७ असे मोजली गेली. एमपी३ केल्यावर शिखर उणे १.२ वर गेले, म्हणजे शिफारशीच्या आतच राहिले. पंखा आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पातळीवर होता, आणि दोन मिनिटांनंतर कान त्याला विसरत होता.

धून आणि एकपदरी फाइल

धून राहिली होती. बारा सेकंदांची धून चौतीस मिनिटांच्या भागाला जोडली की एकत्रित आकडा एकदशांश एककानेसुद्धा हलत नाही, त्यामुळे पूर्ण भाग मोजून धुनेची चूक कधीच सापडणार नाही. ती वेगळीच मोजावी लागते. आम्ही तिला ७.५ डेसिबलने उतरवून उणे १८ वर ठेवले, बोलण्यापेक्षा दोन एककांनी खाली. हा कोणत्या दंडकाचा आकडा नाही. उणे १६ वर ठेवलेली धून आजींच्या पहिल्या वाक्याला धक्का देऊन बाजूला सारते आहे, असे आम्हाला वाटले, एवढेच त्याचे कारण.

चौथ्या भागानंतर मी जुने सगळे भाग याच पद्धतीने मोजून उणे १६ वर आणले, आणि त्यात एक फसवणूक झाली. दुसरा भाग एकाच चॅनेलचा, म्हणजे मोनो होता. मीटरवर तो उणे १६ दाखवत होता आणि तरीही दोन्ही कानांत इतरांपेक्षा ठळक मोठा लागत होता. बीएस.१७७० ची रीत चॅनेलांच्या ऊर्जेची बेरीज करते. एक चॅनेल मोजला तर एकाचीच ऊर्जा धरली जाते. पण वाजताना तोच आवाज दोन्ही स्पीकरांतून येतो आणि बेरीज ३ डेसिबलने वाढते. म्हणून मोनो फाइल उणे १९ वर असेल तेव्हा ती उणे १६ च्या स्टिरिओ फाइलइतकी वाटते. `loudnorm` मध्ये यासाठी `dual_mono=true` असा पर्याय आहे. पण कोणती फाइल कशी मोजली हे लक्षात ठेवण्याचा माझ्यावर भरवसा नसल्यामुळे आम्ही सगळ्या फाइली मोजण्याआधीच दोन चॅनेलच्या करून घेतो.

तपासणीसाठी आम्ही तिसऱ्या भागाची शेवटची दोन मिनिटे, चौथ्याची पहिली व शेवटची दोन आणि पाचव्याची पहिली दोन अशी एक पट्टी जोडली, आणि आवाजाला हात न लावता ती तीन ठिकाणी ऐकली : खोलीत हेडफोनवर, जळगाव बसस्थानकावर साध्या इअरफोनवर, आणि मामांच्या टेम्पोत, इंजिन चालू ठेवून. टेम्पोत आजींची दोन वाक्ये अजूनही निसटत होती. ती त्यांनी मुद्दाम कुजबुजत सांगितलेली आहेत, रोट करताना घरातल्या बायका एकमेकींना काय म्हणतात ते. ती वाक्ये आम्ही आणखी चार डेसिबलने उचलली. त्यापुढे उचलली असती तर ती कुजबुज राहिली नसती.

दुरुस्त केलेला चौथा भाग जुन्याच्या जागी चढवला. ज्यांनी तो आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवला होता, त्यांच्याकडे मात्र जुनी प्रत राहिली, आणि त्यांत मामाही होते. त्यांना ती पुसून पुन्हा उतरवायला मी फोनवरून सांगितले.